'तिने वाचली' पण 'ती वाचू लागली': इंग्रजी गोष्ट मराठीत आणताना भूतकाळाचं क्रियापद कसं जुळवायचं

नवीन अनुवादकांचे कच्चे खर्डे तपासायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं, आणि त्यात एक गंमत दर वेळी दिसते. बोलताना ज्यांची मराठी एकदम स्वच्छ असते, तीच माणसं समोर इंग्रजी पान उघडलं की 'तिने चिठ्ठी वाचू लागली' असं लिहून मोकळी होतात. त्यांना वाचून दाखवलं की स्वतःच हसतात. म्हणजे नियम येत नाही असं नसतं, इंग्रजी वाक्य डोळ्यासमोर असल्यामुळे कान बंद पडलेला असतो.

कारण सरळ आहे. इंग्रजी गोष्टीत दार उघडणारी बाई असो, पुरुष असो की दहा माणसं असोत, 'ओपन्ड' हे 'ओपन्ड'च राहतं, आणि दाराच्या जागी खिडकी आली तरी त्याला काही फरक पडत नाही. मराठीत मात्र प्रत्येक क्रियापदाला आपण कुणाचं ऐकायचं ते ठरवावं लागतं. कधी ते कर्त्याचं ऐकतं, कधी कर्माचं, आणि कधी कुणाचंच ऐकत नाही. शाळेत याला कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणायचे, पाच मार्कांना असायचे, तेव्हा पाठ केले आणि विसरलो. इथे ती नावं नाही लागली तरी चालेल.

वेगवेगळ्या खर्ड्यांत दिसलेल्या चुका एकत्र करून मी एक परिच्छेद बनवलाय. मूळ इंग्रजीत क्लारा नावाची बाई रात्री घरी येते आणि भावाने पत्रं जाळलेली बघते, एवढंच. नवशिक्याचा खर्डा असा:

"क्लारा जिना चढली आणि किल्ली काढली. तिने छत्री टॅक्सीत विसरली होती. तिने दाराला उघडलं आणि आत गेली. तिने एक आवाज ऐकली. तिने मेणबत्ती पेटवलं आणि तिचा भाऊ पाहिला. त्याने सगळी पत्रं जाळले होते. तिने उरलेली चिठ्ठी वाचू लागली. 'हे तू का केला?' ती विचारली. त्याने काही बोलला नाही."

नऊ ओळी आणि बारा चुका. आता एकेक सोडवू.

पहिली पायरी: आधी क्रियापद बघा, कर्ता नंतर

इंग्रजी वाक्य 'शी'ने सुरू होतं म्हणून हात आपोआप 'तिने' टाइप करतो आणि मग पुढचं वाक्य त्या 'तिने'च्या मागे फरफटत जातं. बाराच्या निम्म्या चुका इथूनच येतात. कर्ता 'ती' की 'तिने' हे क्रियापद ठरवतं, त्यामुळे मराठीत वाक्याच्या शेवटी कोणतं क्रियापद येणार हे आधी पक्कं करायचं आणि मग मागे येऊन कर्ता लिहायचा.

क्रियापद 'तिने'वालं आहे की 'ती'वालं हे ओळखायला मी एक चाचणी वापरते. कर्ता पुरुष घ्यायचा आणि कर्म स्त्रीलिंगी घ्यायचं. 'तो' आणि 'चिठ्ठी'. मग वाक्य मोठ्याने म्हणायचं. 'त्याने चिठ्ठी फाडली', शेवटी 'ली' आलं, म्हणजे क्रियापदाने चिठ्ठीचं ऐकलं, म्हणजे ते 'ने'वालं. 'तो चिठ्ठी विसरला', शेवटी 'ला' आलं, म्हणजे त्याने माणसाचं ऐकलं, म्हणजे इथे 'ने' चालणार नाही. पुरुष आणि चिठ्ठी हीच जोडी का, तर बाई आणि चिठ्ठी घेतली की दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हीकडे 'ली'च येतं आणि चूक लपून बसते. खर्ड्यातली 'तिने छत्री विसरली होती' ही ओळ म्हणूनच पटकन खटकत नाही. क्लाराच्या जागी तिचा भाऊ ठेवून बघा, 'त्याने छत्री विसरली' म्हणताना जीभ अडखळते की नाही? तर तिथे हवं 'छत्री ती टॅक्सीतच विसरली होती'.

कर्म असलेली बहुतेक क्रियापदं 'ने'वाली आहेत, त्यामुळे पाठ करायची ती दुसरी, छोटी यादी. विसरणे, शिकणे, बोलणे, नेसणे, चुकणे, हरणे, खेळणे, चढणे, उतरणे. तो कविता शिकला, ती खोटं बोलली, ती नऊवारी नेसली, तो वाट चुकला, ते मॅच हरले, तो टेकडी चढला. जिना चढणाऱ्याला 'ने' नाही, पण नदी ओलांडणाऱ्याला आहे, 'त्याने नदी ओलांडली'. यामागे तर्क शोधायला गेलात तर संध्याकाळ जाईल, चाचणी लावा आणि पुढे जा. काही ठिकाणी चाचणीसुद्धा दोन उत्तरं देते. 'तो कॉफी प्यायला' आणि 'त्याने कॉफी प्यायली' दोन्ही लोक म्हणतात, 'तो मॅच जिंकला' आणि 'त्याने मॅच जिंकली' हेही तसंच. मला पिण्याच्या बाबतीत पहिलं बरं वाटतं, पण एका पुस्तकात एकच ठेवा. आणि अगदीच शंका असेल तर 'त्याने कॉफी घेतली', भांडण मिटलं.

काही क्रियापदं अर्थाप्रमाणे गट बदलतात आणि ती जास्त धोक्याची. 'त्याने पुस्तक वाचलं' आणि 'तो अपघातातून वाचला'. 'त्याने सुपारी चावली' पण 'कुत्रा त्याला चावला'. इथे 'कुत्र्याने त्याला चावला' असं कुणी लिहिलं की मला कळतं, इंग्रजी 'बिट' बघून लिहिलंय.

शेवटचं क्रियापद म्हणजे नेमकं शेवटचं

यावर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त लाल शाई इथे जाते. मराठीत गोष्ट सांगताना आपण एकटं क्रियापद कमी वापरतो, वाचून टाकलं, वाचू लागला, वाचत बसला, वाचता आलं नाही, असं जोडीनेच चालतं. आणि जोडीत 'ने' लागणार की नाही हे पहिलं क्रियापद ठरवत नाही, दुसरं ठरवतं. वाचणे 'ने'वालं आहे म्हणून 'तिने' लिहिलं, आणि पुढे 'लागली' आलं, ते 'ती'वालं. झाली की 'तिने वाचू लागली'.

त्याच चिठ्ठीवर बघा. त्याने चिठ्ठी वाचली. त्याने चिठ्ठी वाचून टाकली, वाचून काढली, वाचून दाखवली. टाकणे, काढणे, दाखवणे ही 'ने'वाली, म्हणून 'त्याने' राहिलं आणि 'ली' राहिलं. आता, तो चिठ्ठी वाचू लागला. तो चिठ्ठी वाचत बसला. तो चिठ्ठी घेऊन गेला. तो चिठ्ठी वाचू शकला नाही. लागणे, बसणे, जाणे, शकणे ही 'तो'वाली, चिठ्ठी समोर असूनही तिचं कुणी ऐकत नाही. आणि तिसरा प्रकार, त्याला चिठ्ठी वाचता आली नाही, त्याला चिठ्ठी वाचावी लागली. इथे कर्ता 'त्याला' झाला आणि क्रियापद परत चिठ्ठीकडे वळलं. हो, तेच 'लागणे', पण 'वाचू लागला' मध्ये सुरुवात आहे आणि 'वाचावी लागली' मध्ये सक्ती आहे.

इंग्रजीत 'बिगॅन टु रीड' दिसलं की तुमच्यापुढे दोन रस्ते असतात, 'ती चिठ्ठी वाचू लागली' किंवा 'तिने चिठ्ठी वाचायला सुरुवात केली'. दुसऱ्यात केली हे चिठ्ठीमुळे नाही, सुरुवात स्त्रीलिंगी आहे म्हणून. पत्र असतं तरी 'तिने पत्र वाचायला सुरुवात केली'च. या दोन रस्त्यांची सरमिसळ झाली की खर्ड्यातली सातवी ओळ तयार होते.

तसंच 'वॉज रीडिंग' आणि 'हॅड रेड'. पहिलं 'तो चिठ्ठी वाचत होता', दुसरं 'त्याने चिठ्ठी वाचली होती'. शेवटी दोन्हीकडे होणेच आहे, मग फरक का? भूतकाळात 'ने' फक्त 'ला, ली, लं' लागलेल्या रूपाबरोबर येतो, वाचली होती मध्ये तो 'ली' आहे, वाचत होता मध्ये नाही. म्हणून 'तो रोज पेपर वाचायचा' यालाही 'ने' नाही, जरी इंग्रजीत तो भूतकाळच असला. आणि 'होती' एकटी सुटत नाही, आधीच्या क्रियापदाबरोबर तीही बदलते. पत्रं जाळली होती, चिठ्ठ्या जाळल्या होत्या, कागद जाळले होते.

दुसरी पायरी: 'ने' आला, आता कोरं नाम शोधा

'ने' येणार हे ठरलं की वाक्यात असं नाम शोधायचं ज्याला काहीही चिकटलेलं नाही, ला नाही, ना नाही, वर नाही. मी त्याला कोरं नाम म्हणते. क्रियापद त्याचं ऐकतं. त्याने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. अनेक झाले की आंबे खाल्ले, चिंचा खाल्ल्या, केळी खाल्ली. खाणारा एक असो, दोन असोत, आजोबा असोत. 'आजोबांनी काठी उचलली', इथे आदर 'आजोबांनी' मध्ये आला, उचलली ला त्याचं काही नाही.

या सहा रूपांत एक जागा निसरडी आहे. नपुंसक अनेकवचन, केळी खाल्ली, पत्रं जाळली, हे स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं. जुन्या पुस्तकांत 'पुस्तकें वाचलीं' असा अनुस्वार असायचा, 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन रूपं डोळ्यांना एक झाली. नवीन माणसाला वाटतं पत्रं अनेक आहेत, मग 'ली' कसं, 'ले' पाहिजे, आणि तो 'पत्रं जाळले होते' लिहितो. पाहिजे 'पत्रं जाळली होती'.

दुसरी निसरडी जागा म्हणजे 'ले' आणि 'लं'. औपचारिक लिहिताना 'पत्र लिहिले', बोलीत 'पत्र लिहिलं', दोन्ही बरोबर. पण 'लेख लिहिले' मधला 'ले' अनेकवचनाचा आहे, तो बोलीतही 'ले'च राहणार. अर्ध्या पुस्तकात 'दार उघडले' आणि अर्ध्यात 'दार उघडलं' असं झालं की वाचणारा चाचपडतो, म्हणून पहिल्या पानावरच काय ते ठरवा. गोष्ट असेल तर मी 'लं' घेते, कारण एक आणि अनेक यातला फरक तिथे दिसतो.

आता लिंग. शंका आली की नामाआधी हा, ही, हे लावून बघायचं, ही मेणबत्ती, म्हणून मेणबत्ती पेटवली. आणि ज्यांचं लहानपण हिंदीत गेलंय त्यांनी जरा जास्त जपायचं. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत तो आवाज. हिंदीत चाय स्त्रीलिंगी, मराठीत तो चहा. 'आवाज ऐकली' तिथून येते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांची तर वेगळीच जत्रा, फोन पुल्लिंगी, बस स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, यावर फारसा वाद नाही, पण पेन घेतला की घेतलं, मेल केला की केली, यावर एका घरातही एकमत होत नाही. पुस्तक हातात घेतलं की मी एका कागदावर वारंवार येणाऱ्या वस्तू आणि त्यांचं लिंग लिहून ठेवते, पिस्तूल ते, बंदूक ती, चाकू तो. तीनशे पानांनंतर पिस्तूल 'झाडली' होऊ नये म्हणून.

तिसरी पायरी: 'ला' लागला की काय होतं

कर्माला 'ला' चिकटला की ते कोरं राहत नाही आणि क्रियापद त्याचं ऐकणं सोडतं, सरळ नपुंसक एकवचनात जाऊन बसतं. तिने मुलीला उचललं, तिने मुलाला उचललं, पोलिसांनी चोरांना पकडलं. चोर कितीही असोत, पकडलंच. सर असोत की साहेब, 'त्याने सरांना पाहिलं'.

मग 'ला' लावायचा कधी? ओळखीचं, ठरावीक माणूस असेल तर लावायचा. वस्तू असेल तर सहसा नाही. खर्ड्यातलं 'दाराला उघडलं' हे इंग्रजी 'द'चं भाषांतर आहे, तेच दार हे दाखवायला काहीतरी लावावंसं वाटतं आणि 'ला' हाताशी असतो. मराठीत दार उघडलं म्हटलं की कुठलं दार ते कळतंच. प्राणी मधे कुठेतरी, 'त्याने साप मारला' आणि 'त्याने त्या सापाला मारलं' दोन्ही ठीक. माणसाचा 'ला' काढला तर मात्र अर्थ घसरतो. 'त्याने मुलीला पाहिलं' म्हणजे रस्त्यात, गर्दीत, कुठेही दिसली. 'त्याने मुलगी पाहिली' म्हणजे कांदेपोहे झाले! एका खर्ड्यात गुप्तहेर स्टेशनवर एका मागोमाग तीन मुली पाहतो असं वाचलं होतं, मला वाटलं बिचाऱ्याचं लग्न जमत नाहीये.

इथे एक फसवी जागा. वाक्यात 'ला' दिसला म्हणून लगेच 'लं' लिहू नका, आणखी एखादं कोरं नाम आहे का ते बघा. 'तिने त्याला चिठ्ठी दिली', 'तिने त्याला मदत केली', 'तिने त्याला प्रश्न विचारला'. 'त्याला' आहे, पण चिठ्ठी, मदत, प्रश्न कोरे बसलेत, त्यांचं ऐकलं जातं. इंग्रजीत 'हेल्प्ड' हे एकच क्रियापद, त्यामुळे मदत हे इथे नाम आहे हे लक्षातच येत नाही आणि 'तिने त्याला मदत केलं' होतं. याच कारणाने 'घर साफ केलं' पण 'घराची सफाई केली'. पहिल्यात घर कोरं, दुसऱ्यात घराला 'ची' चिकटली आणि सफाई कोरी राहिली.

कोरं नाम काहीच नसेल, नुसतं 'की' घेऊन वाक्य येत असेल, तर नपुंसक एकवचन. तिने पाहिलं की दिवा चालू आहे. त्याने सांगितलं की तो येणार नाही.

मग 'तिचा भाऊ पाहिला'चं काय करायचं? नियमाने 'तिने भावाला पाहिलं' बरोबर आहे. पण गोष्टीत अचानक समोर दिसलेल्या माणसासाठी आपण पाहणे कमी आणि दिसणे जास्त वापरतो, 'तिला भाऊ दिसला'. तसंच ऐकण्याचं, 'तिने आवाज ऐकला' चूक नाही, पण 'तिला आवाज ऐकू आला' किंवा नुसतं 'आतून कसला तरी आवाज आला' जास्त आपलं वाटतं. पत्र मिळालं, बातमी कळली, राग आला, गोष्ट आठवली, हे सगळं मराठीत माणसाला होतं, माणूस करत नाही. ही वळणं घेतली की 'ने'चा अर्धा त्रास तसाही जातो, दिसला कोण तर भाऊ, आला काय तर आवाज, क्रियापद सरळ त्यांच्या मागे.

चौथी पायरी: साखळी तोडा

इंग्रजी गोष्टीत एक 'ही' किंवा 'शी' आणि त्याच्यामागे चार क्रियापदं स्वल्पविरामाने ओवलेली असतात. त्याने दार उघडलं, कोट काढला, दिवा लावला आणि खुर्चीत बसला. शेवटच्या तुकड्यात काय झालं बघा, 'त्याने' खुर्चीत बसला. बोलताना आपण असं सर्रास बोलतो आणि कुणाला खटकत नाही, हे मी मान्य करते. छापील गोष्टीत मात्र जिथे 'ने' संपतो तिथे नवा कर्ता द्यावा, 'आणि तो खुर्चीत बसला'. उलट दिशेने गेलं तर बोलतानाही खटकतं, 'क्लारा जिना चढली आणि किल्ली काढली' मध्ये काढली पर्यंत येताना क्षणभर वाटतं किल्ली कुणी दुसऱ्याने काढली.

पण दर वाक्यात तो, त्याने, तो, त्याने असं सुरू झालं की परेडसारखं वाटतं. त्यावर उपाय 'ऊन'. 'कोट काढून, दिवा लावून तो खुर्चीत बसला'. 'ऊन' लागलेल्या क्रियापदाला जुळणीचं काही बघावं लागत नाही, सगळा भार शेवटच्यावर. किती 'ऊन' घ्यायचे? मी दोनवर थांबते, फार तर तीन, नाहीतर वाक्य मालगाडी होतं. आणि दोन कृती एकापाठोपाठ एक होत असतील तेव्हाच, मूळ लेखकाने मुद्दाम एकेक कृती तोडून, दम खात लिहिली असेल तर त्याची तुटक लय 'ऊन'ने गुळगुळीत करू नका, तिथे वेगळी वाक्यं करा.

संवादात काय होतं

गोष्टीत 'सेड, आस्क्ड, शाउटेड' ओळीओळीला येतात, आणि मराठीत यांचे गट वेगळे आहेत. ती म्हणाली, ती ओरडली, ती पुटपुटली, ती बोलली. पण तिने विचारलं, तिने सांगितलं, तिने उत्तर दिलं. 'ती विचारली' आणि 'त्याने बोलला नाही' या दोन चुका एकमेकांच्या उलट आहेत, एकीला 'ने' हवा होता, दुसऱ्याला नको. म्हणणेची दोन रूपं आहेत, 'ती म्हणाली' आणि 'तिने म्हटलं', दोन्ही चालतात, फक्त 'तिने म्हणाली' नाही.

अवतरणाच्या आत 'तू' असेल तर क्रियापदाला शेवटी 'स' लागतो, आणि तो कर्माच्या रूपावर चढतो. हे तू का केलंस? चिठ्ठी तू का जाळलीस? पत्रं तू का जाळलीस? 'तुम्ही' असेल तर केलंत, जाळलीत. म्हणजे इंग्रजी 'यू' बघितल्यावर आधी ही दोन माणसं एकमेकांना तू म्हणतात की तुम्ही, हे ठरवायचं, मग कर्माचं लिंग, मग 'स' किंवा 'त'. भाऊबहीण आहेत, तर तू.

'मी'ची गोष्ट

मी आणि तू यांना 'ने' दिसत नाही. मी दार उघडलं, मीने नाही. म्हणून लोकांना वाटतं इथे जुळणी कर्त्याशी आहे, आणि बाई निवेदक असली की 'मी दरवाजा उघडले' असं काहीतरी येतं. 'ने' इथे आहे, फक्त लपलाय. खेड्यापाड्यात अजून 'म्या केलं' ऐकू येतं, जुन्या पोथ्यांत 'म्यां' आहे, ते 'मी'चं 'ने'वालं रूप. प्रमाण मराठीत दोघांचा मुखवटा एकच झाला. म्हणून मनात 'मी'च्या जागी 'म्या' घालून बघा, बसलं तर क्रियापद कर्माचं ऐकणार. म्या दरवाजा उघडला. म्या घरी गेलो, हे नाही बसत.

यातून अनुवादकाला एक फायदा मिळतो. इंग्रजीत निवेदक 'आय' बाई आहे की पुरुष हे लेखक कधीकधी मुद्दाम लपवतो. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच भांडं फुटतं. पण 'मी चिठ्ठी वाचली, दिवा विझवला, दार ओढून घेतलं' यात निवेदकाचा पत्ताच लागत नाही. मला आवाज आला, मला झोप लागली, यातही नाही. अशा पुस्तकात गेलो, आलो, म्हणालो, विसरलो, वाचू लागलो ही सगळी टाळायची आणि 'ने'वाली व 'मला'वाली क्रियापदंच निवडायची. वीस पानं निभतं, मग घाम फुटतो, पण निभतं.

परत तपासताना

सुधारलेला परिच्छेद असा झाला:

"क्लारा जिना चढून वर आली. तिने किल्ली काढली. छत्री ती टॅक्सीतच विसरली होती. दार उघडून ती आत गेली. आतून कसला तरी आवाज आला. तिने मेणबत्ती पेटवली, आणि तिला भाऊ दिसला. त्याने सगळी पत्रं जाळली होती. उरलेली एक चिठ्ठी ती वाचू लागली. 'हे तू का केलंस?' तिने विचारलं. तो काहीच बोलला नाही."

तपासताना इंग्रजी पान बंद करा आणि फक्त मराठी मोठ्याने वाचा. प्रत्येक पूर्णविरामाला थांबून शेवटच्या क्रियापदाला विचारायचं, तू कुणाचं ऐकलंस, आणि बोट त्या शब्दावर ठेवायचं. बोट ठेवायला काही सापडलं नाही तर ते 'लं'च असायला हवं. 'नाही'कडेही बघा, ते अनेकवचनात बदलतं, पत्र जाळलं नाही पण पत्रं जाळली नाहीत.

आणि सगळ्यात शेवटी एक गोष्ट जी मी स्वतः मार खाऊन शिकले. पुस्तक पूर्ण झाल्यावर मला वाटलं 'दार' फार वेळा आलंय, काही ठिकाणी 'दरवाजा' करू, म्हणून एकगठ्ठा बदलायचं बटण दाबलं. दार नपुंसक, दरवाजा पुल्लिंगी. मुद्रितं परत आली तेव्हा त्यात अकरा ठिकाणी 'दरवाजा उघडलं' होतं, दोन ठिकाणी 'दरवाजा बंद होतं', आणि एके ठिकाणी 'दरवाजा उघडंच होतं'. आता पत्राचं चिठ्ठी, पाकिटाचं लिफाफा, काहीही बदलायचं झालं तर एकेक जागा उघडून, क्रियापद, विशेषण आणि 'होता होती होतं' तिन्ही हाताने बदलते, एकगठ्ठा बदलायचं बटण दाबत नाही.